हवेतला जादा कार्बन आला कुठून? 2023 च्या ताळेबंदाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोळसा, तेल, नैसर्गिक वायू, सिमेंट आणि जंगलतोड यांतून माणूस दरवर्षी सुमारे 11 अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. (या लेखातले आकडे कार्बनच्या वजनाचे आहेत. कार्बन डायऑक्साइडचं वजन हवं असेल तर 3.67 ने गुणा. बातम्यांमध्ये ही दोन्ही एककं सर्रास मिसळतात आणि अर्धे गोंधळ तिथूनच सुरू होतात.) हा सगळा कार्बन हवेत राहत नाही. ढोबळमानाने निम्मा राहतो. उरलेला जमिनीवरची झाडं, माती आणि समुद्र मिळून घेतात. ही शोषणाची व्यवस्था नसती, तर तापमानवाढ आज दिसते त्यापेक्षा कितीतरी पुढे गेली असती.

या सगळ्याचा दरवर्षी ताळेबंद मांडला जातो. ‘ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमातले शास्त्रज्ञ तो साधारण नोव्हेंबरात जाहीर करतात आणि त्यात आदल्या वर्षाचा पक्का हिशेब असतो. हवेतली वाढ थेट मोजता येते. इंधनातून किती कार्बन गेला हे देशांच्या आकडेवारीवरून बऱ्यापैकी कळतं. समुद्राने किती घेतला ते जहाजांच्या नोंदी आणि संगणकावर चालवलेली प्रतिमानं यांवरून काढतात. जमिनीचा वाटा काढणं सर्वांत अवघड, कारण जगातल्या प्रत्येक झाडाखाली वजनकाटा लावता येत नाही. पूर्वी तर इतर सगळं वजा करून उरेल तो जमिनीचा वाटा, असंच धरत. आता तो वनस्पतींच्या स्वतंत्र प्रतिमानांवरून काढतात आणि ताळेबंद जुळतो का ते नंतर पाहतात.

हवेतल्या वाढीची सर्वांत जुनी सलग नोंद हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेतली आहे. चार्ल्स कीलिंग यांनी ती 1958 मध्ये सुरू केली. ज्वालामुखीच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 3400 मीटर उंचीवर, मनोऱ्याच्या टोकावरून हवा खेचून ती यंत्रात सोडतात. आधीच माहीत असलेल्या प्रमाणाच्या वायूच्या नळकांड्यांशी तिची वारंवार तुलना करतात. दुपारी वारा डोंगर चढून येतो तेव्हा खालच्या झाडीने कार्बन शोषून घेतलेली हवा वर येते. ती नोंद वगळतात आणि रात्री डोंगरावरून खाली उतरणाऱ्या, महासागरावरून आलेल्या स्वच्छ हवेवर भर देतात. आपल्याकडेही अशी ठिकाणं आहेत. गोव्यात काबो दी रामा इथे 1993 पासून काही वर्षं, आणि मध्ये खंड पडल्यावर पुन्हा, काचेच्या बाटल्यांत हवा भरून ती तपासायला ऑस्ट्रेलियात पाठवत. पुण्याजवळ सिंहगडावर भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2009 पासून नमुने घ्यायला सुरुवात केली. पावसाळ्यात तिथे अरबी समुद्रावरची हवा येते आणि हिवाळ्यात जमिनीवरची, त्यामुळे एकाच जागी दोन वेगळ्या जगांची नोंद होते.

अडचण

2023 संपताना मौना लोआवरची वार्षिक वाढ निघाली 3.37 पीपीएम, म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे 3.37 रेणू जास्त. 1958 पासून एवढी मोठी वार्षिक उडी तिथे कधीच नोंदली गेली नव्हती. आदल्या वर्षीपेक्षा ती 86 टक्क्यांनी जास्त होती. इंधनातून होणारं उत्सर्जन मात्र त्याच वर्षी जेमतेम एक टक्क्याच्या आसपास वाढलं होतं.

एक पीपीएम म्हणजे सुमारे 2.12 अब्ज टन कार्बन. त्या हिशेबाने 3.37 पीपीएम म्हणजे 7 अब्ज टनांहून थोडं जास्त. उत्सर्जन 11 अब्ज टन आणि समुद्राचा नेहमीचा वाटा 3 अब्ज टनांच्या आसपास धरला, तर जमिनीच्या वाट्याला जवळपास एकच अब्ज टन उरतो. त्यातून जंगलतोडीचं एक अब्ज टन उत्सर्जन वजा केलं की जमिनीची निव्वळ बाकी जवळजवळ शून्यावर येते. आदल्या वर्षी जंगलतोड वगळता जमिनीने सुमारे 3.9 अब्ज टन घेतला होता, हे लक्षात घेतलं की आकड्याचं वजन कळतं.

पर्याय

एवढा फरक कुठून आला, याची चार उत्तरं शक्य होती. कुठल्या तरी देशाने उत्सर्जन लपवलं. मोजमाप चुकलं. समुद्राने कमी घेतलं. किंवा जमिनीने कमी घेतलं.

पहिलं उत्तर फार वेळ टिकलं नाही. दोन-तीन अब्ज टन कार्बन लपवायचा म्हणजे एखाद्या फार मोठ्या देशाचं सगळं इंधन लपवावं लागेल. तेलाचा, कोळशाचा व्यापार कुठे ना कुठे नोंदला जातोच, त्यामुळे एवढं लपून राहत नाही.

मोजमापाची शंका मात्र खरोखर घेण्याजोगी होती. नोव्हेंबर 2022 च्या शेवटी मौना लोआचा उद्रेक झाला. लाव्हाने वेधशाळेकडे जाणारा रस्ता आणि विजेच्या तारा दोन्ही तोडले आणि दशकानुदशकं चाललेली नोंद थांबली. अमेरिकेच्या सागरी व वातावरण प्रशासनाने, म्हणजे ‘नोआ’ने, डिसेंबरमध्ये शेजारच्या मौना केआ पर्वतावर तात्पुरती व्यवस्था उभी केली आणि जुलै 2023 पर्यंत नोंदी तिथून घेतल्या. वार्षिक वाढ काढताना वर्षाच्या दोन्ही टोकांच्या महिन्यांची सरासरी घेऊन वजाबाकी करतात. 2023 च्या बाबतीत सुरुवातीचं टोक नेमकं मौना केआवरच्या दिवसांत येत होतं.

म्हणून दुसऱ्या आकड्याकडे पाहणं भाग होतं. जगभरच्या किनाऱ्यांवरून आणि बेटांवरून घेतलेल्या नमुन्यांची सरासरी काढली तर 2023 ची वाढ 2.79 पीपीएम निघते. ती 3.37 पेक्षा बरीच कमी आहे, पण गेल्या दशकाच्या सरासरीपेक्षा ठळकपणे जास्त. यंत्राचा दोष असता तर दूरदूरच्या केंद्रांवर वाढ दिसली नसती. मौना लोआ आणि जागतिक सरासरी यांत एखाद्या वर्षी फरक पडणं मुळात नवं नाही. एक केंद्र म्हणजे एका अक्षांशाची हवा. कोणत्या महिन्यात कोणत्या दिशेचा वारा जास्त वाहिला यावर एका वर्षाचा आकडा वरखाली होतो. दहा वर्षांची सरासरी काढली की दोन्ही जवळ येतात.

मग उरले समुद्र आणि जमीन.

समुद्राचा तपास

एल निनोच्या वर्षी समुद्र कार्बन कमी घेत असेल, असं सहज वाटतं, कारण पाणी तापतं. प्रत्यक्षात उलट घडतं. प्रशांत महासागराच्या पूर्व भागात, विषुववृत्तालगत, एरवी खोलातलं थंड आणि कार्बनने भरलेलं पाणी वर येतं आणि हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतं. एल निनोत व्यापारी वारे मंदावतात, हे पाणी वर येणं कमी होतं आणि ती गळती घटते. 2015-16 च्या एल निनोत ‘ओसीओ-2’ या उपग्रहाने हा क्रम पकडला होता. आधी प्रशांत महासागरावरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड किंचित घटला, आणि काही महिन्यांनी उष्ण कटिबंधातली जंगलं कोरडी पडल्यावर तो वाढत गेला. वर येणाऱ्या पाण्यातून कार्बन सुटण्याचा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ असंच पाणी वर येतं आणि अरबी समुद्र कार्बन शोषण्याऐवजी सोडतो.

म्हणजे 2023 मध्ये समुद्राने नेहमीपेक्षा थोडा जास्तच कार्बन घ्यायला हवा होता. प्रशांत महासागराच्या पूर्व भागात तसं झालंही. पण त्या वर्षी उत्तर अटलांटिकसह बाकी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान विक्रमी होतं. झुरिकच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाच्या नेतृत्वाखाली 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जहाजांच्या नोंदींवरून, ध्रुवीय भाग सोडून बाकी समुद्राने अपेक्षेपेक्षा सुमारे दहा टक्के कमी कार्बन घेतल्याचं दिसलं.

हे दहा टक्के का, आणि फक्त दहाच का, हे या प्रकरणातलं मला सर्वांत लक्षात राहिलेलं कोडं आहे. पाणी 1 अंशाने तापलं की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. हवेतला दाब 420 एकक धरला तर ही वाढ 17 एककांच्या आसपास जाते. हवा आणि समुद्र यांच्यातली जगभरची सरासरी तफावत मात्र दहा एककांच्याही आत आहे, आणि सगळं शोषण त्या एवढ्याशा तफावतीवर चालतं. निव्वळ या गणिताने पाहिलं तर एक अंश जास्त तापलेला समुद्राचा पट्टा शोषणारा न राहता सोडणारा होऊ शकतो.

तसं सरसकट झालं नाही, कारण दोन गोष्टी आड आल्या. वरच्या थरातून कार्बन सुटायला लागला की त्या थरात विरघळलेला कार्बन घटतो आणि दाब आपोआप खाली येतो. दुसरं, तापलेलं पाणी हलकं होऊन वर तरंगतं. त्यामुळे खालचं कार्बनयुक्त पाणी वर मिसळत नाही, आणि सजीवांनी वरच्या थरातला कार्बन खाली नेण्याचं काम चालूच राहतं. थोडक्यात, उष्णतेने जे बिघडवलं त्यातलं बरंच काही थरांच्या या मांडणीने सावरलं. पण हे सावरणं एका उष्ण वर्षापुरतं आहे. दीर्घ काळात वरचा थर खोलाशी मिसळला नाही, तर त्याने घेतलेला कार्बन खाली उतरत नाही आणि तो थर भरत जातो. शिवाय विरघळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया करणारे पाण्यातले कार्बोनेट आयन प्रत्येक टनागणिक कमी होत जातात, त्यामुळे पुढचा टन सामावून घेणं पाण्याला आणखी जड जातं. पाणी तापलं नाही तरी हे चालूच राहणार आहे.

जमिनीचा तपास

समुद्राची तूट लहान होती. मोठी तूट जमिनीवर सापडली, आणि ती एकाच जागी नव्हती.

अॅमेझॉनमध्ये 2023 च्या उत्तरार्धात तीव्र दुष्काळ पडला. मानौस शहरात रिओ नेग्रो नदीची पातळी 1902 पासून मोजतात. ऑक्टोबरमध्ये ती तोवरच्या नीचांकावर गेली. हवा कोरडी आणि तापलेली असली की झाड पाणी वाचवण्यासाठी पानांवरची रंध्रं मिटून घेतं. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. श्वसन मात्र थांबत नाही. झाडाचं आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांचं श्वसन उष्णतेबरोबर वाढतच जातं, निदान ओलावा आहे तोवर. आत येणारा कार्बन घटला आणि बाहेर जाणारा तसाच राहिला की, एकही झाड न तोडता, एकही काडी न पेटता जंगल कार्बन सोडू लागतं. सॅटेलाइट चित्रात ते हिरवंच दिसत असतं, म्हणून हा प्रकार डोळ्यांना कळत नाही.

कॅनडात प्रकार उघड होता. तिथे 2023 च्या वणव्यांत सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळलं. मे ते सप्टेंबर या काळात त्यातून जवळपास 0.65 अब्ज टन कार्बन हवेत गेल्याचा अंदाज आहे. चीन, अमेरिका आणि भारत सोडले तर कुठल्याच देशाचं वर्षभराचं इंधन-उत्सर्जन एवढं नाही. आणि हे वणवे काही एल निनोचा नेहमीचा परिणाम नव्हते. तिथे बर्फ लवकर वितळला, माती कोरडी पडली आणि उन्हाळा विक्रमी उष्ण गेला.

पुढे तिसरा निर्णय घेताना हाच मुद्दा कळीचा ठरला.

निर्णय पहिला: थांबायचं की लगेच सांगायचं

अधिकृत ताळेबंद नोव्हेंबर 2024 मध्ये येणार होता. फ्रान्स आणि चीनमधल्या संस्थांच्या पुढाकाराने काम करणाऱ्या एका गटाने तोवर थांबायचं नाही असं ठरवलं. वनस्पतींची प्रतिमानं, उपग्रहांनी मोजलेले वणवे, ओसीओ-2 ने हवेत मोजलेल्या कार्बनवरून मागे जात शोधलेले त्याचे स्रोत, आणि समुद्रासाठी जुन्या प्रतिमानांची जलद चालणारी रूपं असं सगळं जोडून त्यांनी जुलै 2024 मध्ये अंदाज मांडला: जमिनीचं निव्वळ शोषण 2023 मध्ये 0.44 अब्ज टन, म्हणजे 2003 नंतरचं सर्वांत कमी.

घाईचा धोका उघड होता. आकडा पुढे बदलला तर शास्त्रज्ञांनी घाबरवलं असं म्हणायला लोक तयारच बसलेले असतात. पण जवळपास वर्षभर उशिरा कळलेला ताळेबंद धोरण आखणाऱ्यांना इतिहास म्हणूनच उपयोगी पडतो. माझ्या मते त्यांचा निर्णय बरोबर होता, कारण त्यांनी एकाच पद्धतीवर भिस्त ठेवली नाही. खालून वर जाणारा हिशेब (झाडं, आग, माती) आणि वरून खाली येणारा हिशेब (हवेतल्या नोंदी) एकमेकांपासून वेगळे चालवले आणि प्रदेशवार तूट दोन्हींत जुळते का ते तपासलं. अॅमेझॉन आणि कॅनडाच्या बाबतीत ती जुळली.

निर्णय दुसरा: कोणता आकडा कशाशी लावायचा

नोव्हेंबरमध्ये ग्लोबल कार्बन प्रोजेक्टचा ताळेबंद आला. त्यात 2023 साठी उत्सर्जन 11.1, हवेतली वाढ 5.9, समुद्र 2.9 आणि जमीन 2.3 अब्ज टन. बेरीज तंतोतंत जुळते.

आता 0.44 आणि 2.3 शेजारी ठेवले की दोन गटांत पाचपट मतभेद असल्यासारखं वाटतं. काहींनी तसं लिहिलंही. पण 2.3 मध्ये जंगलतोडीचं उत्सर्जन धरलेलं नाही, ते 11.1 मध्ये आधीच मोजलेलं आहे. 0.44 हा आकडा ते वजा करून काढलेला आहे. तसंच वजा केलं तर 2.3 चे 1.3 होतात. 0.44 आणि 1.3 यांत फरक उरतोच आणि तो लहान नाही. पण ताळेबंदातल्या 2.3 ची त्रुटीमर्यादा 1 अब्ज टन आहे, आणि दोन्ही हिशेबांत घसरणीची दिशा एकच आहे. मोठ्या ताळेबंदातही जमिनीचं शोषण एका वर्षात 1.6 अब्ज टनांनी घटलेलं दिसतं.

निर्णय तिसरा: वाईट वर्ष की बदललेली चाल

इथे बातम्या सर्वांत जास्त घसरल्या. जंगलांनी कार्बन घेणं जवळपास बंद केलं, असा सूर काही ठिकाणी लागला. तो टिकणारा नव्हता. 2015-16 चा एल निनो 2023 पेक्षा जास्त तीव्र होता. तेव्हाही जमिनीचं शोषण कोसळलं होतं आणि नंतर सावरलं होतं. एका वर्षाच्या खड्ड्यावरून कल सांगता येत नाही.

उलट बाजूने, सगळं एल निनोच्या माथी मारणंही चुकीचं होतं. 2023 चा एल निनो जूनच्या सुमारास सुरू झाला. उत्तरेकडच्या जंगलांची घसरण मात्र त्याच्याही आधीपासून चालू होती. जलद ताळेबंद मांडणाऱ्या गटाच्या हिशेबाने 20 अंश उत्तरेच्या वरच्या जमिनीचं शोषण 2015 पासून 2023 पर्यंत निम्म्यावर आलं होतं. जंगलांत प्रत्यक्ष जाऊन झाडांचे घेर मोजणारे गट वेगळ्या वाटेने अशाच निष्कर्षाकडे आले आहेत. गेल्या तीन दशकांत जगातल्या जंगलांचं एकूण शोषण साधारण तेवढंच राहिलं, पण उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांचं आणि उष्ण कटिबंधातल्या अस्पर्श जंगलांचं शोषण प्रत्येकी सुमारे एक तृतीयांशाने घटलं. ती तूट समशीतोष्ण जंगलांनी आणि तोडीनंतर पुन्हा वाढणाऱ्या तरुण जंगलांनी भरून काढली. वाढतं झाड जास्त कार्बन घेतं, पण ते वयात आलं की हा वेग मंदावतो. म्हणजे ही भरपाई कायमची नाही.

निष्पन्न

2024 मध्येही हवेतला कार्बन डायऑक्साइड खाली बसला नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार 2023 ते 2024 या काळात जागतिक सरासरी 3.5 पीपीएमने वाढून 423.9 वर गेली. 1957 पासूनच्या आधुनिक नोंदींत एवढी वाढ कधीच झाली नव्हती. या वेळी आकडा जागतिक सरासरीचा असल्याने ‘एकाच केंद्राचा’ हा आक्षेप उरला नाही.

एका वर्षाच्या प्रश्नापलीकडचं उत्तर नोव्हेंबर 2025 च्या ताळेबंदाने दिलं. 1960 पासून हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड वाढला त्यातला सुमारे 8 टक्के भाग तापमानवाढीने जमीन आणि समुद्राचं शोषण कमकुवत केल्यामुळे आहे. म्हणजे दोन्ही अजून मोठा वाटा घेतातच, पण तापमान वाढलं नसतं तर जेवढा घेतला असता त्यापेक्षा कमी.

वेगळं काय करता आलं असतं

मौना लोआचा आकडा पहिल्यांदा जाहीर होतानाच त्याच्या शेजारी जागतिक सरासरी छापली असती, तर 3.37 ला अवाजवी वजन मिळालं नसतं. दोन्ही आकडे उपलब्ध असतात. मौना लोआचा आकडा लवकर पक्का होतो आणि त्याची कीर्ती मोठी, म्हणून तोच आधी फिरतो.

जमिनीचा आकडा देताना जंगलतोड आत धरली की बाहेर ठेवली, हे त्याच वाक्यात सांगायला हवं होतं. शास्त्रीय लेखात ते असतं, पण पहिल्या पानावरच्या सारांशातून गळतं.

आणि मोजणीच्या जागा. अॅमेझॉनवर विमानातून हवेचे नमुने घेण्याचं काम वर्षानुवर्षं झालेलं आहे, युरोपात मनोऱ्यांचं दाट जाळं आहे. आफ्रिकेच्या जंगलांवर आणि दक्षिण आशियावर मात्र सलग नोंदी विरळ आहेत. काबो दी रामाच्या नोंदीत 2002 पासून 2009 पर्यंत खंड आहे. पश्चिम घाटातल्या जंगलांनी त्या काळात किती कार्बन घेतला आणि किती सोडला, हे आता त्या ठिकाणच्या हवेवरून काढता येणार नाही. 2023 च्या तपासात दक्षिणपूर्व आशियातही 0.13 अब्ज टनांची तूट निघाली, पण तिची त्रुटीमर्यादा 0.12 होती.